ग्राहकाच्या अभिप्रायाची स्लाइड: एक कोट, एक फोटो, एक आकडा, तरी गर्दी का?

सायली_आर
नमस्कार मंडळी. गावोगावच्या दूध संस्थांना दाखवायचं सादरीकरण करतेय. विषय आहे संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर: फॅट, एसएनएफ आणि वजन मशीनवरून थेट संगणकात, आणि दहा दिवसांचं बिल आपोआप. त्यात एक स्लाइड ग्राहकाच्या अभिप्रायाची आहे. एका संस्थेच्या सचिवांनी फोनवर सांगितलेलं जसंच्या तसं उतरवून घेतलंय:

"आधी आम्हाला दहा दिवसांचं बिल काढायला दोन-दोन दिवस लागायचे, वहीतले आकडे जुळायचे नाहीत, मग लोक येऊन भांडायचे, आता तसं नाही, मशीनवरून थेट येतं सगळं, तीन तासांत बिल होतं, आणि तुमचे इंजिनीअर पण फोन केला की लवकर येतात, एकंदर चांगलं आहे."

सध्या स्लाइडवर हे सगळं आहे. शिवाय गोल फोटो, आणि खाली तीन आकडे: 2 दिवसांवरून 3 तास, 340 सभासद, तक्रारी 60% कमी. साहेब म्हणतात भरगच्च दिसतंय. अक्षर बारीक केलं तर म्हणतात वाचता येत नाही. पॉवरपॉइंट, 16:9. काय काढू?

पोटमाळा
कोटपासून सुरुवात कर, बाकीचं त्यावर ठरेल.

तुझ्या मजकुरात चार गोष्टी आहेत: वेळ, भांडणं, मशीन, इंजिनीअर. वेळेचं काम खालचा आकडा करणारच आहे, म्हणजे कोटमध्ये "दोन दिवस, तीन तास" ठेवलंस तर एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते आणि आकड्याचा जोर जातो. मशीनचं तू तोंडी सांगशील. इंजिनीअरचा मुद्दा चांगला आहे, पण त्याची जागा विक्रीनंतरच्या सेवेच्या स्लाइडवर. "एकंदर चांगलं आहे" हे कुणीही कशाहीबद्दल म्हणतं.

उरतं ते हे:

"वहीतले आकडे जुळायचे नाहीत, मग लोक येऊन भांडायचे. आता तसं नाही."

समोर बसलेल्या प्रत्येक सचिवाच्या दारात बिलाच्या दिवशी काय होतं ते यात आहे. हे वाक्य कंपनीला लिहून सुचलं नसतं, म्हणून ते खरं वाटतं. आकडा फायदा सांगतो, तर कोटने आधीचा त्रास सांगायचा. दोघांनी कामं वाटून घेतली की गर्दी निम्मी होते.

एक नियम पाळ: कापायचं, पण शिवायचं नाही. सलग बोललेला तुकडा उचलायचा. सुरुवातीचं आणि शेवटचं अर्धवाक्य जोडून मधलं गाळलंस तर त्यांनी न बोललेलं वाक्य तयार होतं. इथे तीन तुकडे ओळीने आहेत, त्यामुळे स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम एवढाच बदल आहे.

बंडूनाना
भाषा थोडी सुधारून घ्या की. "नोंदींमध्ये तफावत आढळत असे, त्यामुळे सभासदांमध्ये असंतोष होता." स्लाइडवर शोभून दिसतं.

बाकी आकड्याबद्दल. 2 दिवस म्हणजे 8 तासांचे 16 तास. 16 वरून 3, म्हणजे 81% बचत. टक्का टाका, मोठा दिसतो. आणि फोटो 300 डीपीआयचा घ्या, नाहीतर फाटतो.

पोटमाळा
नाना, "असंतोष होता" असं सचिव बोलत नाहीत, अहवाल बोलतो. वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे ऑफिसात लिहिलंय.

टक्क्याचं मात्र जरा थांबून बघू. सायली, आधीचे ते दोन दिवस किती माणसांचे? आणि तीन तास कुठून कुठपर्यंत मोजलेत?

सायली_आर
विचारून आले. आधी दोघं जण दोन दिवस बसायचे. आता एकच जण बसतो. दहाव्या दिवशी संध्याकाळचं संकलन संपल्यापासून बिलाची यादी छापून होईपर्यंत धरलंय. सॉफ्टवेअरमध्ये नोंद असते, म्हणून मागच्या सहा बिलांचे तास काढले: 2.5, 3, 3, 2.75, 3.25 आणि एकदा 5. त्या दिवशी वीज गेली होती.

तक्रारींच्या 60% ला आधार काही नाही. सचिव "निम्म्याहून कमी झाल्या" म्हणाले, त्याचं आमच्याकडे कुणीतरी 60 केलं.

पोटमाळा
60% आजच काढून टाक. समोरून कुणी "कशावरून?" विचारलं तर त्याच्या जोडीला खरा आकडासुद्धा पडतो.

आता नानांचा टक्का. दिवस धरले तर 16 तासांवरून 3, म्हणजे 81%. पण दोघांचे तास धरले तर 32 वरून 3, म्हणजे जवळपास 91%. एकाच संस्थेची, एकाच कामाची दोन उत्तरं, आणि दोन्हीत गणित बरोबर. म्हणून जिथे आधी आणि नंतर दोन्ही सरळ सांगता येतात तिथे टक्का टाकू नये. "2 दिवस" ऐकलं की सचिवाला स्वतःचे दोन दिवस आठवतात. 81% ऐकून काही आठवत नाही.

पाच तासांचं बिल लपवू नकोस. सहाही धरून सरासरी सव्वातीन तास येते. पाचचं बिल वगळलंस तर 2.9 येते, आणि वगळण्याचं कारण विचारलं तर अवघड. "साधारण 3 तास" लिही, आणि पाच तासांची गोष्ट स्लाइडखालच्या टिपणीत ठेव. कुणी विचारलंच तर "6 पैकी 5 बिलं साडेतीन तासांच्या आत, एकदा वीज गेली तेव्हा 5" एवढं सांगून मोकळं व्हायचं.

340 सभासद हा निकाल नाही, संस्थेचा आकार आहे. तो नावाच्या ओळीत जाईल. ऐकणारा मनात तुलना करतोच की आपल्याएवढी संस्था आहे का.

शिरोरेषा
नानांच्या 300 डीपीआयबद्दल. ते छापण्यासाठी बरोबर आहे, पडद्यासाठी त्या आकड्याला अर्थ नाही. पडद्यावर पिक्सेल मोजायचे. 16:9 ची स्लाइड 33.87 सेंमी रुंद असते आणि प्रोजेक्टर बहुधा 1920 बाय 1080 किंवा त्याहून कमी. फोटोला डावीकडची एक तृतीयांश जागा पूर्ण उंचीने दिली तर 640 बाय 1080 पिक्सेल लागतात. फाइलच्या गुणधर्मात 72 लिहिलेलं असो की 300, पिक्सेल तेवढे असले की झालं.

फोटो फाटतो तो बहुतेक वेळा व्हॉट्सॲपच्या डीपीवरून उचलल्यामुळे. तो जास्तीत जास्त 640 बाय 640 असतो. रुंदीला पुरतो, उंचीला 1080 करायला पावणेदोन पट ताणावा लागतो, आणि मग डोळे धुरकट दिसतात. त्यांना सांगायचं की फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, मग मूळ फाइल येते.

आल्यावर पॉवरपॉइंटमध्ये `File > Options > Advanced` मध्ये `Do not compress images in file` वर खूण करा. नाहीतर फाइल जतन करताना तो फोटो परत दाबतो.

सायली_आर
गोल फोटो नको म्हणता का? सगळ्या टेम्प्लेटमध्ये गोलच असतो.

शिरोरेषा
गोल तेव्हा बरा, जेव्हा एका स्लाइडवर तीन-चार माणसं असतात. एकच माणूस असताना गोल केला की चेहरा बिल्ल्याएवढा होतो आणि भोवती चार कोपरे रिकामे पडतात. आपल्याकडे आणखी एक अडचण. सचिवांनी टोपी घातली असेल तर गोलात टोपीचं टोक कापलं जातं. टोक वाचवायला गोल मोठा केला की चेहरा लहान होतो. फेट्याचं तर विचारूच नका.

`Remove Background` च्याही नादी लागू नका. पांढरी टोपी आणि चुन्याची भिंत असली की ते टोपीचा अर्धा भाग खाऊन टाकतं.

उभा आयत घ्या: `Picture Format > Crop`, रुंदी 11.3 सेंमी, उंची पूर्ण 19.05. चौकट हलवून डोळे वरून साधारण एक तृतीयांशावर आणा. आणि चेहरा कोणीकडे वळलाय ते बघा. माणूस डावीकडे बघत असेल आणि मजकूर उजवीकडे असेल तर तो स्लाइडच्या बाहेर बघत बसतो. अशा वेळी फोटो उलटा करू नका, फोटो उजवीकडे आणि मजकूर डावीकडे घ्या. फोटो आडवा पलटला की मागच्या पाटीवरची अक्षरं उलटी होतात, शर्टाची बटणं दुसऱ्या बाजूला जातात. गावातला माणूस लगेच म्हणतो, "हे काय केलंय?"

क्लासवाले_सर
आमचा क्लास आहे. मी एका स्लाइडवर बारा विद्यार्थी टाकतो, प्रत्येकाचा फोटो, टक्के आणि एक ओळ. पालकांना संख्या दिसली पाहिजे. एकच माणूस दाखवला तर वाटेल एकच ग्राहक आहे. सायलीताई, तुम्हीपण दहा संस्था टाका.

पोटमाळा
सर, तुमचा प्रश्न वेगळा आहे. "किती जण" दाखवायचं असेल तर भिंतीसारखी स्लाइड चालते, पण मग ती वाचण्यासाठी नसते, नजर फिरवण्यासाठी असते. सायलीला एका संस्थेचं काय झालं ते पटवायचंय. दहा संस्थांची नावं हवीच असतील तर पुढच्या स्लाइडवर यादी द्यावी.

मोडकी_छत्री
क्लासवाले सर, तुमच्यासाठी एक महत्त्वाचं. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा अभिप्राय वापरायचा तर त्याची लेखी संमती लागते, आणि तीही निकाल लागल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या फॉर्मवर आधीच सही घेऊन ठेवलेली चालत नाही. बारा फोटो म्हणजे बारा कागद.

सायली, तुम्हाला 2022 ची सर्वसाधारण तत्त्वं बघावी लागतील. त्यांत म्हटलंय की शिफारस करणाऱ्याचं मत खरं आणि अलीकडच्या काळातलं हवं, आणि त्याला वस्तूची पुरेशी माहिती किंवा अनुभव हवा. म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या जुन्या आवृत्तीबद्दलचा कोट आजच्या आवृत्तीखाली लावायचा नाही.

संमतीचा कागद साधा असू दे, पण त्यावर स्लाइडचीच छपाई हवी: शेवटचा कोट, तोच फोटो, तोच आकडा, आणि कुठे कुठे वापरणार ते. सचिवांची सही फोटो आणि शब्दांसाठी. संस्थेचं नाव आणि बिलाचे तास संस्थेचे आहेत, त्यासाठी संस्थेच्या लेटरहेडवर वेगळं पत्र.

सायली_आर
फोनवर "हो, वापरा की" म्हणालेत. पण कापलेला कोट दाखवला नाहीये अजून. पाठवते.

आता अक्षरांचं सांगा. कोट 20 पॉइंट, तिरका ठेवलाय. आणि मागे मोठ्ठं अवतरणचिन्ह, फिकट.

शिरोरेषा
तिरका काढा. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टना वेगळा तिरका साचा नसतो, पॉवरपॉइंट नुसती अक्षरं ढकलून वाकवतो. काने आणि वेलांट्या एकीकडे कलतात, शिरोरेषा आडवीच राहते, आणि ओळ पडल्यासारखी दिसते. कोट आहे हे दाखवायला अवतरणचिन्हं पुरेशी आहेत. ते मागचं मोठ्ठं चिन्हही काढा. स्लाइडवर मोठी वस्तू एकच, आणि ती म्हणजे आकडा. नजर चिन्हावर गेली की आकडा दुसरा येतो.

अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचा मोह होतो, `Character Spacing` मध्ये `Loose` वगैरे. इंग्रजी मथळ्याला ते शोभतं. मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडका दिसतो. `Normal` च ठेवा.

ओळींमधलं अंतर `Exactly` वर ठेवू नका. 32 पॉइंटच्या अक्षराला 32 दिलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. `Multiple` घ्या. मुक्ता वापरत असाल तर त्याची मूळ ओळच उंच आहे, 0.9 केलं तरी मोकळं दिसतं. दुसरा फॉन्ट असेल तर "जुळायचे" आणि "येऊन" एकाखाली एक येतात का बघून ठरवा.

बंडूनाना
फॉन्टचं म्हणाल तर आमच्याकडे सगळं श्री-लिपीत आहे. उत्तम दिसतं.

शिरोरेषा
तुमच्या संगणकावर दिसतं, नाना. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की कोटच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. युनिकोडमध्ये लिहा. तरीही मुक्ता समोरच्या लॅपटॉपवर नसला तर दुसरा फॉन्ट बसतो आणि ओळी सरकतात, म्हणून `File > Options > Save` मध्ये `Embed fonts in the file` लावा. पाठवायचं असेल तर पीडीएफ.

पोटमाळा
आता मापं. सायली, हे करून बघ, मग डोळ्याने सरकव.

फोटो डावीकडे, 0 ते 11.3 सेंमी, वरपासून खालपर्यंत. मजकूर 12.9 सेंमीपासून सुरू, उजवीकडे दीड सेंमी मोकळं. म्हणजे मजकुराला 19.4 सेंमी मिळतात. कोट, नाव, आकडा, सगळ्याची डावी कड एकच. सुरुवातीचं अवतरणचिन्ह वेगळ्या चौकटीत घेऊन त्या कडेच्या किंचित बाहेर लटकव, नाहीतर पहिली ओळ आत गेल्यासारखी वाटते.

कोट वरून सव्वादोन सेंमीवर, 32 पॉइंट, तीन ओळी. ओळी अर्थावर तोड: "वहीतले आकडे जुळायचे नाहीत," मग "मग लोक येऊन भांडायचे." आणि शेवटी "आता तसं नाही." ही तिसरी ओळ एकटी पडली की ती आपोआप ठासून बोलते. त्यासाठी `Shift+Enter`, नुसतं `Enter` नको, नाहीतर परिच्छेदाचं अंतर घुसतं.

त्याखाली नाव 24 ठळक, मग "सचिव, दूध संस्थेचं नाव, 340 सभासद" 20 साधं. मग मोकळी जागा. ती भरू नकोस.

खालच्या भागात आकडा, 80 पॉइंटच्या आसपास. "2 दिवस" राखाडी आणि थोडं लहान, बाण, "3 तास" तुमच्या रंगात. बाण टाइप न करता आकृती म्हणून काढ. तो फॉन्टमध्ये नसला की दुसऱ्याच फॉन्टचा काडीसारखा बाण येतो. आकड्याखाली एक ओळ: "दहा दिवसांचं बिल छापून होईपर्यंत लागणारा वेळ, साधारण". ती नसेल तर कुणाला वाटेल दूध मोजायला दोन दिवस लागायचे.

गोठ्यातला_इंजिनीअर
ही ओळ किती पॉइंट? कारण सादरीकरण एकदाच होतं, नंतर पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते, आणि संचालक मंडळ ती फोनवर उभ्यानेच बघतं. फोन उभा धरला तर स्लाइड सातेक सेंमी रुंद दिसते, म्हणजे मूळच्या पाचव्या हिश्श्याएवढी. 18 पॉइंटची ओळ तिथे साडेतीन पॉइंटची होते. चष्मा लावूनही वाचता येणार नाही.

पोटमाळा
बरोबर. हे मी धरलं नव्हतं. खालची ओळ 24 कर आणि शब्द कमी कर: "दहा दिवसांचं बिल, साधारण वेळ". नावाखालची ओळही 24 ला ने. 24 सुद्धा फोनवर पाचच्या आत येतो, म्हणजे बोटांनी मोठं करावंच लागेल. पण 80 चा आकडा 16 चा होतो, तो न करता दिसतो. कोट 32 चा साडेसहा. त्याला जागा आहे, 36 करून बघ, पहिली ओळ तुटते का ते तपास.

फोनवर खूपच फिरणार असेल तर उभी वेगळी स्लाइड करावी: फोटो वर, कोट मध्ये, आकडा खाली. मजकूर तोच.

सायली_आर
केली. पहिली ओळ 36 ला तुटत नाहीये. फोटोत ते किंचित उजवीकडे बघतायत, म्हणजे मजकुराकडेच, तेव्हा डावीकडेच ठेवला. पण फिकट भगव्यावर "3 तास" पांढऱ्यात केलं तर प्रोजेक्टरवर जवळजवळ दिसेनासं झालं. लॅपटॉपवर छान होतं.

शिरोरेषा
प्रोजेक्टर खोलीतल्या उजेडात काळ्याला राखाडी करतो आणि फिकट रंग धुऊन काढतो. मोठ्या अक्षराला पार्श्वभूमीशी किमान 3 ला 1 तफावत हवी, लहानाला 4.5 ला 1. पांढरं आणि फिकट भगवं त्याच्या बरंच खाली येतं. पार्श्वभूमी पांढरी, आकडा गडद हिरवा किंवा गडद निळा, "2 दिवस" ची राखाडीही फार फिकट नको. खिडक्या उघड्या असलेल्या संस्थेच्या हॉलमध्ये बघा, ऑफिसच्या अंधाऱ्या खोलीत नको.

बंडूनाना
आकडे मराठी हवेत. २ दिवस, ३ तास. मराठी स्लाइडवर इंग्रजी 3 कशाला?

गोठ्यातला_इंजिनीअर
नाना, मशीनच्या पडद्यावर आणि छापलेल्या बिलावर 3 च येतो, सभासदांना तोच सवयीचा. पण तुमचंही चूक नाही. एकच करा, अर्धे असे अर्धे तसे नको, एवढंच.

मोडकी_छत्री
सचिवांचा कागद आला का?

सायली_आर
आला. कोट वाचून म्हणाले, "भांडायचे" ठेवा, पण "लोक" च्या जागी "सभासद" करा, नाहीतर गावात वाईट दिसेल. त्यांचेच शब्द, त्यांनीच बदलले, म्हणून केलं. संस्थेचं पत्र पुढच्या मासिक सभेनंतर मिळेल.

एक राहिलं. संस्थेची निवडणूक जवळ आलीय, हे सचिव कदाचित बदलतील. मग स्लाइडवर काय लिहायचं?

मोडकी_छत्री
"तत्कालीन सचिव" लिहा आणि कोटखाली महिना-वर्ष टाका. त्यांची संमती त्यांच्याकडेच राहते.

पोटमाळा
मी काढून टाकेन. "तत्कालीन" वाचलं की पहिला प्रश्न येतो, आताचे काय म्हणतात? नवीन सचिवांकडून नवा कोट घ्यावा, आकडा तोच राहतो.

गोठ्यातला_इंजिनीअर
आणि नवीन सचिव विरोधी पॅनेलचे निघाले तर?